रिमोट नसताना टीव्हीच्या एकाच बटणावरून सोर्स कसा बदलावा

प्रश्न: गावी आईवडिलांच्या टीव्हीचा रिमोट हरवला आहे. टीव्ही ४३ इंची आहे, भिंतीवर बसवलेला, मागे खालच्या बाजूला एकच बटण. त्याने टीव्ही चालू-बंद होतो, पण चालू झाला की होम स्क्रीनवरच थांबतो, सेटटॉप बॉक्स लागत नाही. बटण एकदा दाबले तर खाली काही चिन्हे येतात आणि जातात. नवा रिमोट यायला आठवडा लागेल. तोवर काही करता येईल का?

उत्तर:

तुम्ही जाता जाता लिहिलेली चिन्हांची गोष्टच तुमच्या कामाची आहे. ते बटण केवळ चालू-बंद करण्यापुरते असते, तर चालू टीव्हीवर एकदा दाबताच टीव्ही बंद झाला असता. पडद्यावर चिन्हे आली, याचा अर्थ त्या बटणामागे एक छोटा मेनू आहे, आणि सोर्स बदलण्याची सोय त्या मेनूत असण्याची दाट शक्यता आहे. तुम्हाला रिमोटची सगळी कामे बटणावरून करायची नाहीत. टीव्हीला एकदा सेटटॉप बॉक्सच्या इनपुटवर नेऊन ठेवायचे आणि आठवडाभर तो तिथून हलणार नाही एवढे पाहायचे, इतकेच काम आहे. चॅनेल बदलणे तर पुढे बॉक्सच्याच रिमोटवर होते आणि बहुतेक बॉक्सवर आवाजही त्याच रिमोटने कमी-जास्त करता येतो.

आता हे नेमके कसे होईल, ते संचाची कंपनी आणि तो कोणत्या साली घेतला यावर अवलंबून आहे, आणि या दोन्ही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. जुन्या एलसीडी आणि सुरुवातीच्या एलईडी संचांच्या कडेला किंवा मागे पाच-सात बटणांची रांग असे. त्यानंतर बराच काळ मागच्या कोपऱ्यात किंवा कंपनीच्या नावाच्या खाली एक छोटी जॉयस्टिक आली, जी आत दाबता येते आणि चारही दिशांना कलतेही. अलीकडच्या बऱ्याच संचांत तीही जाऊन फक्त आत दाबायचे एकच बटण उरले आहे. जॉयस्टिक आणि बटण यांत हाताला गल्लत होते, कारण दोन्ही टीव्हीच्या खालच्या कडेखाली चाचपडूनच सापडतात. वडिलांना बोटाचे टोक त्यावर ठेवून हलकेच डावी-उजवीकडे ढकलायला सांगा. ते कलले आणि पडद्यावर आवाजाची पट्टी आली, तर ती जॉयस्टिक आहे आणि तुमचे काम बरेच सोपे आहे. ते जागचे न हलता फक्त आत जाऊन टिचकन वाजत असेल, तर ते एकच बटण आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते, म्हणून आधी तेच सविस्तर सांगतो.

एकाच बटणाच्या संचाला दोनच खुणा कळतात. बटण दाबून लगेच सोडणे ही एक, आणि एक-दोन सेकंद दाबून धरणे ही दुसरी. टीव्ही चालू असताना बटण एकदा दाबून सोडले की मेनू उघडतो. मेनू उघडा असताना पुन्हा दाबून सोडले की निवड पुढच्या चिन्हावर सरकते आणि शेवटच्या चिन्हानंतर पुन्हा पहिल्यावर येते. जे चिन्ह उजळलेले आहे तेच हवे असेल, तर बटण दाबून धरायचे, म्हणजे ते निवडले जाते. थोडक्यात, लहान दाब म्हणजे ‘पुढे’ आणि लांब दाब म्हणजे ‘हेच’. सॅमसंग आणि एलजी या दोन्ही कंपन्यांच्या एकबटणी संचांत हीच पद्धत आहे. चिन्हांचा क्रम मात्र संचागणिक बदलतो. मागे जायची सोय नसल्यामुळे हवे ते चिन्ह चुकून ओलांडले गेले, तर पूर्ण फेरी मारूनच त्याच्यावर परत यावे लागते.

यातली गोम अशी की मेनू फार वेळ थांबत नाही. काही सेकंद कोणी काही केले नाही की तो आपोआप मिटतो आणि पुढचा दाब नव्याने मेनू उघडण्यात खर्ची पडतो. आपल्याला वाटते निवड सरकली. प्रत्यक्षात मेनू नुकताच उघडलेला असतो आणि निवड पहिल्या चिन्हावर असते. अशा वेळी बटण दाबून धरले की नको ते निवडले जाते. पहिले चिन्ह बंद करण्याचे असेल, तर टीव्ही बंद होतो. मेनू उघडलेला नसताना बटण दाबून धरले तरीही अनेक संच बंदच होतात. ‘बटण दाबले की टीव्ही बंद पडतो’ अशी तक्रार घेऊन जे लोक फोन करतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी बटणात काही दोष नसतो, ते मेनू येण्याच्या आधी किंवा तो मिटल्यानंतर बटण दाबून धरत असतात.

तेव्हा गावी फोन लावताना दोन माणसे लागतील: एक बटणाजवळ आणि एक पडद्यासमोर. भिंतीवरच्या संचाखाली हात घालून उभ्या असलेल्या माणसाला पडदा तिरका दिसतो आणि उजळलेले चिन्ह ओळखता येत नाही. आईंना समोर बसवून फोन त्यांच्याकडे द्या आणि बटण वडिलांकडे. व्हिडिओ कॉल करता आला तर उत्तमच, पण कॅमेरा पडद्याकडे असू द्या, बटणाकडे नको.

आता क्रमाने सांगतो. पहिल्यांदा सेटटॉप बॉक्स चालू करून ठेवावा आणि बॉक्सची केबल टीव्हीच्या कोणत्या सॉकेटमध्ये आहे ते पाहावे. सॉकेटशेजारी एचडीएमआय १ किंवा २ असे लिहिलेले असते. हात पुरत नसेल तर मोबाइलचा टॉर्च लावून खालून फोटो काढला की वाचता येते. त्यानंतर बटण एकदा दाबून टीव्ही चालू करावा आणि होम स्क्रीन पूर्ण येईपर्यंत थांबावे. स्मार्ट टीव्हीला उठायला वेळ लागतो, आणि त्या अवधीत दिलेले दाब एकतर वाया जातात किंवा सगळे मिळून एकदम लागू होतात. होम स्क्रीन स्थिर झाली की बटण एकदा दाबून सोडावे. चिन्हांची रांग आली की वडिलांनी थांबायचे आणि आईंनी काय काय दिसते ते वाचायचे. साधारणपणे बंद करणे, आवाज वाढवणे, आवाज कमी करणे, चॅनेल पुढे, चॅनेल मागे आणि Source किंवा Input अशी चिन्हे असतात. सोर्सचे चिन्ह बहुतेक वेळा चौकटीत शिरणाऱ्या बाणाचे असते. मेनू तेवढ्यात मिटला तरी बिघडत नाही, कारण ही फेरी फक्त क्रम समजून घेण्यासाठी आहे.

समजा, सोर्स डावीकडून सहावे आहे आणि मेनू उघडताना पहिले चिन्ह उजळते. मग दुसऱ्या फेरीत एका दाबाने मेनू उघडायचा आणि पुढे पाच वेळा दाबून सोडायचे. प्रत्येक दाबाला आईंनी ‘सरकले’ म्हणायचे आणि ते ऐकूनच वडिलांनी पुढचा दाब द्यायचा. भराभर दाबले तर संच मधले एखादे दाब गाळतो आणि मोजणी चुकते. सोर्स उजळल्यावर बटण दाबून धरायचे आणि पडदा बदलला की लगेच सोडायचे. येथे अनेकांचे बोट रेंगाळते. आणि यादी उघडल्यावरही बटण दाबलेलेच राहिले, तर काही संच त्याला नवी निवड समजून यादीतले पहिले नाव घेऊन टाकतात. यादी उघडल्यावर पुन्हा तीच रीत: दाबून सोडत हव्या त्या एचडीएमआयपर्यंत जायचे आणि तिथे दाबून धरायचे. चित्र आले की काम झाले. ‘सिग्नल नाही’ असे लिहून आले, तर बहुधा शेजारचे एचडीएमआय निवडले गेले आहे किंवा बॉक्स झोपलेला आहे. आधी बॉक्सच्या रिमोटवरचे पॉवर बटण एकदा दाबून पाहा.

बटण दाबताना हात कुठे टेकवला जातो याकडे नीट लक्ष द्यायला हवे. बटण खालच्या कडेला असले की माणूस नकळत तर्जनीने मागून बटण दाबतो आणि आधारासाठी अंगठा समोर पडद्याच्या खालच्या पट्टीवर रोवतो. आजच्या संचांत ती पट्टी नावापुरती असते आणि तिच्यामागे लगेच पॅनेलची काच आणि काचेला चिकटवलेल्या नाजूक पट्ट्या असतात. त्यावर दाब आला की उभ्या रेघा येतात, काच तडकते, आणि त्या दुरुस्तीचा खर्च कधी कधी नव्या टीव्हीच्या जवळ जातो. म्हणून दुसऱ्या हाताने संच मागून, प्लॅस्टिकच्या पाठीवर तळवा ठेवून धरावा आणि अंगठा पडद्यापासून दूर ठेवावा. भिंत आणि संच यांत बोट जात नसेल, तर खोडरबर लावलेल्या पेन्सिलीचे टोक चालते. स्क्रूड्रायव्हर किंवा सुरी मुळीच नको.

जॉयस्टिक निघाली, तर पद्धत थोडी वेगळी आहे. तिच्यावर मेनूशिवायही डावी-उजवीकडे आवाज आणि वर-खाली चॅनेल बदलते. आत सरळ दाबले की मेनू येतो, कलवून निवड करायची आणि पुन्हा आत दाबून ती पक्की करायची. दिशांचा घोळ मात्र ठरलेला आहे. जॉयस्टिक पाठीमागे असली की मागून पाहणाऱ्याचे डावे-उजवे आणि समोरून हात घालणाऱ्याचे डावे-उजवे उलटे असते. त्यामुळे फोनवरून ‘डावीकडे’ असे न सांगता ‘खिडकीच्या बाजूला’ किंवा ‘दाराच्या बाजूला’ असे सांगा. दुसरी अडचण दाबण्याची आहे. तिरके दाबले तर संचाला दाबण्याऐवजी कलवणे कळते, मेनू येत नाही आणि आवाज मात्र वाढत जातो. बोट वरून नीट मधोमध ठेवून सरळ आत दाबले की मेनू उघडतो.

बटणांची रांग असलेल्या जुन्या संचांबद्दल एवढेच सांगतो, की मेनू उघडल्यावर तिथे चॅनेलची बटणे वर-खाली आणि आवाजाची बटणे डावी-उजवी म्हणून चालतात, आणि अनेक संचांत सोर्सचे किंवा इनपुटचे बटण ‘ओके’ होते. सोनीच्या काही संचांत तीनच बटणे असतात: एक पॉवर आणि दोन अधिक-उणे. तिथे टीव्ही चालू असताना पॉवरचे बटण दाबून सोडत गेले की आवाज, चॅनेल आणि इनपुट यांची पाळी बदलते, आणि जे हवे ते आले की अधिक-उणेने बदल करायचा. बंद करायला मात्र पॉवर दाबून धरावे लागते.

आता टीव्ही बॉक्सवर आला, तर तो तिथेच ठेवायचा आहे. पुष्कळ संच बटणाने बंद केले, म्हणजे स्टँडबायला गेले, की शेवटचे इनपुट लक्षात ठेवतात. भिंतीवरच्या स्विचने वीज तोडली की मात्र पुढच्या वेळी ते सुरुवातीपासून उठतात आणि होम स्क्रीन दाखवतात. आपल्याकडे रात्री सगळे स्विच बंद करून झोपायची चांगली सवय असते. ती या आठवड्यापुरती टीव्हीच्या बाबतीत मोडून पाहा, आणि तुमचा संच कसा वागतो ते एकदा बंद-चालू करून खात्री करून घ्या. वीज गेली तर वरची फेरी पुन्हा करावी लागेल, म्हणून आईंना चिन्हांचा क्रम आणि दाबांची संख्या एका कागदावर लिहून टीव्हीजवळ लावायला सांगा. आवाजासाठी, टीव्हीचा स्वतःचा आवाज याच मेनूतून एकदाच मध्यम पातळीवर आणून ठेवावा आणि रोजचा फरक बॉक्सच्या रिमोटने करावा. टीव्हीचा आवाज अगदी खाली राहिला असेल, तर बॉक्सचा कितीही वाढवला तरी ऐकू येणार नाही.

या सगळ्यातून काहीच झाले नाही, तर तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे काही स्वस्त संचांचे बटण खरोखरच फक्त चालू-बंदचे असते आणि मेनू नसतोच. चिन्हे दिसली असल्यामुळे तुमच्या बाबतीत ते नसावे. दुसरे कारण बटणांना लावलेले कुलूप. लहान मुलांसाठी किंवा लॉजसाठी अशी सोय असते, आणि ती लागू असेल तर बटण दाबल्यावर कुलपाचे चिन्ह येते किंवा काहीच होत नाही. हे कुलूप बहुतेक संचांत रिमोटशिवाय निघत नाही, त्यामुळे तिथे झटापट करण्यात अर्थ नाही.

तिसरे कारण ओलावा, आणि कोकणात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात ते मी सर्रास पाहतो. जॉयस्टिकच्या आत पाच बारीक स्विच असतात. पण प्रत्येकासाठी स्वतंत्र तार मेन बोर्डापर्यंत नेलेली नसते. बऱ्याच संचांत सगळे स्विच एकाच तारेवर असतात आणि प्रत्येकासमोर वेगळ्या मापाचा रेझिस्टर असतो. काही दाबलेले नसताना त्या तारेवर साधारण ३.३ व्होल्ट असतात. स्विच दाबला की व्होल्टेज त्या त्या रेझिस्टरप्रमाणे उतरते, आणि ते किती उतरले यावरून मेन बोर्ड कोणते बटण आहे ते ओळखतो. स्विचमध्ये दमटपणा किंवा गंज शिरला की त्याचा स्वतःचाही थोडा रेझिस्टन्स तयार होतो, व्होल्टेज भलत्याच ठिकाणी येते आणि ‘मेनू’ दाबले असता बोर्डाला ‘आवाज कमी’ ऐकू येते. कोणी हात लावला नसताना आवाजाची पट्टी आपोआप येणे, मेनू सारखा उघडणे, एका दाबाचा भलताच परिणाम होणे ही त्याची लक्षणे आहेत. असे दिसले तर बटणावर जोर लावू नये. बटणाचा तो छोटा बोर्ड वेगळा असतो आणि मेकॅनिक तो बदलू शकतो. मात्र रिमोटचा सेन्सरही बऱ्याचदा त्याच बोर्डावर असतो, त्यामुळे बोर्डाची वायर नुसती काढून टाकली तर नवा रिमोटही चालणार नाही, हे त्याला आधी विचारून घ्या.

(पट्टी आपोआप येत असेल तर हरवलेला रिमोटही एकदा गादीखाली शोधा. ब्लूटूथ रिमोट उशीखाली दबून एखादे बटण दाबले गेलेले असले, तर तो दिसत नसतानाही आज्ञा देत राहतो.)

एक गोष्ट मात्र कोणीही सुचवली तरी करू नका: फॅक्टरी रीसेट. काही अँड्रॉइड संचांत प्लग काढून, बटणे दाबून धरून, पुन्हा प्लग लावला की संच कारखान्यातून आला तसा कोरा होतो. अडकलेल्या संचासाठी तो उपाय ठीक आहे. पण कोरा झालेला संच उठतो तो थेट भाषा, वाय-फाय आणि खाते विचारणाऱ्या पडद्यावर, आणि त्या पायऱ्या एका बटणाने पार होतीलच याची खात्री नाही. आज निदान होम स्क्रीनपर्यंत पोचता येते, ते रीसेटनंतर कदाचित येणार नाही. म्हणूनच बटण सोर्ससाठी दाबून धरताना ते ‘पडदा बदलेपर्यंत’ धरायचे, उगाच दहा-पंधरा सेकंद नाही, आणि प्लग लावत असताना बोट बटणावर अजिबात नको.

एका बटणाच्या मेनूत पासवर्ड टाकणे, ॲप उघडणे किंवा चित्राची सेटिंग बदलणे सहसा जमत नाही. तेवढी गरज पडलीच आणि संच अँड्रॉइड किंवा एलजीचा वेबओएसचा असेल, तर मागच्या यूएसबी सॉकेटला संगणकाचा साधा माउस लावून पाहा. पडद्यावर बाण आला की क्लिक करून होम स्क्रीनवरूनही इनपुट निवडता येते. मुलांच्या शाळेच्या कामासाठी शेजारी कोणाकडे माउस असेलच.

नवा रिमोट मागवताना संचाच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक फोटो काढून द्यावा, नुसते कंपनीचे नाव आणि ४३ इंच एवढे पुरत नाही. तो आल्यावर पहिल्याच दिवशी टीव्ही चालू होताच होम स्क्रीन येण्याची सोय बंद करून टाका. सॅमसंगच्या अनेक संचांत ती Autorun Smart Hub या नावाने असते आणि एलजीच्या बऱ्याच संचांत Home Auto Launch या नावाने. ती बंद केली की टीव्ही शेवटच्या इनपुटवर उठतो, आणि रिमोट पुन्हा हरवला तरी बटण एकदा दाबून आईवडिलांना बॉक्सचे चित्र मिळते.